नवीन प्लॅनचं पत्र एजंटांना पाठवताना: पात्रता, कमिशन आणि ट्रेनिंगचं वेळापत्रक

प्रश्न: सर, मी सांगलीत एका आयुर्विमा कंपनीच्या शाखेत सहा महिन्यांपूर्वी सेल्स मॅनेजर म्हणून आलोय. माझ्याकडं ५८ एजंट आहेत, सांगली-मिरजेचे जास्त, बाकी विटा, तासगाव आणि जत भागातले. १७ नोव्हेंबरला आमचा नवीन बचतीचा प्लॅन लाँच होतोय आणि एजंटांना पत्र मला काढायचंय. हेड ऑफिसनं इंग्रजीत ११ पानांचं सर्क्युलर पाठवलंय. त्यातलं पात्रता, कमिशन आणि ट्रेनिंगबद्दल काय आणि कसं लिहू? मागच्या वेळी नुसतं फॉरवर्ड केलं तर कुणी वाचलंच नाही.

उत्तर:

वाचलं नाही असं नाही हो, वाचलं, पण फक्त कमिशनचं पान वाचलं. मी याच जिल्ह्यात २६ वर्षं एजंट सांभाळले आणि अनुभव एकच, ११ पानांतलं एजंट जे पान शोधतो ते बरोबर शोधतो, आणि त्याचाच फोटो काढून ठेवतो. म्हणून पहिली गोष्ट, एक पत्र काढू नका, दोन काढा. एक प्लॅनचं, ज्यात पात्रता आणि ट्रेनिंग, ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. दुसरं कमिशनचं, ते कागदावर, ट्रेनिंगला आलेल्याच्या हातात, सही घेऊन द्या.

असं का म्हणतो ते सांगतो. २०१८ च्या सुमाराला मी पण एकच मेसेज टाकला होता. प्लॅनचे फायदे, लाँचची तारीख आणि खाली ठळक अक्षरात ‘पहिल्या वर्षी कमिशन ३५ टक्के’. खोटं नव्हतं ते. त्यावेळच्या नियमानं १२ वर्षं किंवा त्याहून जास्त हप्ते भरायच्या पॉलिसीला पहिल्या वर्षी ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन देता यायचं. पण तोच प्लॅन ५ वर्षं हप्ते भरायच्या मुदतीत घेतला तर १५ टक्केच. ही ओळ मी खायच्या पानातल्या चुन्यासारखी कडेला लावलेली, हेड ऑफिसच्या पीडीएफमध्ये तक्ता आहे म्हणून. आमच्या विट्याच्या एका एजंटानं पहिल्याच आठवड्यात ६०,००० चा हप्ता आणला, ५ वर्षांची मुदत. त्याच्या डोक्यात २१,००० होते, खात्यात आले ९,००० च्या आतबाहेर. वर त्यानं गिऱ्हाइकाला पहिल्या हप्त्यात ५,००० सोडलेले, कारण तो मेसेज गिऱ्हाइकाच्या मेव्हण्याकडं पण पोचला होता आणि मेव्हणा म्हणाला, “एवढं मिळतंय तुम्हाला, मग पहिला हप्ता थोडा तुम्हीच उचला की ओ.” म्हणजे माझ्या एका ओळीनं माणूस दोन्हीकडून बुडाला, आणि ५,००० सोडणं हे तर विमा कायद्याच्या कलम ४१ खाली सरळ गुन्हा, दंड १० लाखांपर्यंत. तो ऑफिसात येऊन माझ्यावर ओरडला नाही, नुसता बसून राहिला, ते जास्त लागलं.

तेव्हापासून कमिशनचा आकडा मी कधी मोबाईलवर पाठवला नाही.

आता कमिशनच्या पत्रात काय लिहायचं. नुसते टक्के लिहू नका, एक पॉलिसी घ्या आणि तिचे पैसे एजंटाच्या खात्यात कधी किती पडतात ते रुपयात दाखवा. १ एप्रिल २०२३ पासून प्रॉडक्टनिहाय कमिशनची जुनी कमाल मर्यादा गेलेली आहे, कंपनी आपल्या संचालक मंडळाच्या धोरणानं दर ठरवते, त्यामुळं जुन्या एजंटांच्या डोक्यात बसलेले ३५, साडेसात, पाच हे आकडे तुमच्या प्लॅनला लागू असतीलच असं नाही. मी खाली जे दर घेतोय ते समजायला घेतलेत, तुम्ही तुमच्या सर्क्युलरमधले घाला.

समजा तासगावकडचा द्राक्षबागायतदार, वय ३८, वर्षाचा हप्ता ४८,०००. हप्ते १० वर्षं भरायचे. पहिल्या वर्षी २८ टक्के, दुसऱ्या वर्षापासून साडेसात टक्के. पहिल्या वर्षाचं कमिशन १३,४४०. त्याच्यातून टीडीएस, वर्षभराचं कमिशन २०,००० च्या वर जाणाऱ्या एजंटाचा २ टक्क्यानं म्हणजे २६९ रुपये कापले, हातात १३,१७१. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के कापतात, तुमच्या ५८ मध्ये असे एक-दोन सापडतीलच, ते आत्ताच बघून घ्या. दुसऱ्या वर्षापासून दर वर्षी ३,६००. म्हणजे १० वर्षं पॉलिसी चालली तर एकूण १३,४४० अधिक नऊ वेळा ३,६००, झाले ४५,८४०. आणि हाच माणूस ५ वर्षांच्या मुदतीत गेला, दर १५ टक्के धरला, तर पहिल्या वर्षी ७,२०० आणि पुढं चार वेळा ३,६००, एकूण २१,६००. हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. पण त्याच्याखाली हे पण लिहा की मुदत एजंटाच्या कमिशनवर ठरवायची नाही, त्या माणसाला किती वर्षं झेपणार आहे त्यावर ठरवायची, कारण १० वर्षांची विकून दुसऱ्याच वर्षी बंद पडली तर एजंटाला १३,४४० च मिळाले आणि गिऱ्हाईक कायमचं गेलं.

सगळ्यात जास्त भांडणं मासिक हप्त्यावरून होतात. वरचाच माणूस महिन्याला ४,००० भरतो म्हणाला तर एजंट पहिल्या महिन्यात १३,४४० ची वाट बघत बसतो. तसं नसतं, कमिशन जमा झालेल्या हप्त्यावर पडतं, म्हणजे ४,००० वर २८ टक्के, १,१२० रुपये, दर महिन्याला. चार महिन्यांनी ऑटो-डेबिट बंद पडलं तर हातात ४,४८० आणि विषय संपला. मासिकचा हप्ता बाराने भागून बरोबर येत नाही, थोडा जास्त येतो, पण हिशोब समजायला एवढं पुरे. हे पत्रात एका ओळीत सांगून कुणाला पटत नाही, १,१२० हा आकडा लिहिल्यावर पटतं.

दुसरी गोष्ट जीएसटीची, आणि ही नवीन आहे म्हणून जरा थांबून वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. आधी अशा बचतीच्या प्लॅनला पहिल्या वर्षी साडेचार टक्के आणि नंतर सव्वादोन टक्के लागायचा. म्हणजे तुमच्याकडं जुन्या पत्राचा जो नमुना असेल त्यात ‘हप्ता अधिक जीएसटी’ असं असणार, ते कॉपी-पेस्ट करताना काढा, नाहीतर एजंट गिऱ्हाइकाकडून ४८,००० च्या जागी ५०,१६० चा चेक घेऊन येईल आणि मग परताव्याचा घोळ.

पण त्याची दुसरी बाजू एजंटाला लागते. एजंटाच्या कमिशनवरचा १८ टक्के जीएसटी एजंट भरत नाही, रिव्हर्स चार्जमध्ये कंपनी भरते. आधी कंपनीला त्याचं क्रेडिट मिळायचं. हप्त्यावरचा जीएसटी गेल्यावर ते क्रेडिट पण गेलं, तो खर्च कंपनीच्या अंगावर पडला, आणि काही कंपन्यांनी ‘कमिशन जीएसटीसहित’ असं धोरण घेतलं. म्हणजे १३,४४० मध्येच १८ टक्के धरलेले, एजंटाचे खरे ११,३९०. फरक २,०५० रुपयांचा. तुमच्या कंपनीनं काय ठरवलंय ते सर्क्युलरमध्ये तळटिपेत असेल किंवा नसेल पण. हेड ऑफिसला मेल करून लेखी विचारा, फोनवर नको. लेखी उत्तर आल्याशिवाय कमिशनचं पत्र छापायला देऊ नका. एजंटाला दर कमी आहे याचा राग एक दिवस असतो, पण आधी एक सांगून नंतर दुसरं हातात पडलं तर तो वर्षभर काढतो.

तिसरी, परत जाणारे पैसे. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांचा फ्री-लूक काळ गिऱ्हाइकाला असतो, त्यात त्यानं पॉलिसी परत केली की कमिशन वसूल होतं, चेक वटला नाही तरी होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडरचे नियम बदलले, पूर्ण एका वर्षाचा हप्ता भरलेला असला की पहिलं वर्ष संपल्यावर गिऱ्हाइकाला काहीतरी रक्कम परत मिळते, आधी बहुतेक पारंपरिक प्लॅनला दोन वर्षं भरल्याशिवाय काही मिळत नव्हतं. त्यामुळं लवकर बंद पडणाऱ्या पॉलिसीचा भार कंपनीवर आला आणि कंपन्यांनी एकतर पहिल्या वर्षाचा दर कमी करून पुढच्या वर्षांचा वाढवला, नाहीतर लवकर सरेंडर झाली तर कमिशनचा काही भाग परत घ्यायची अट घातली. तुमच्या सर्क्युलरमध्ये ‘क्लॉबॅक’ हा शब्द शोधा. असेल तर त्याचं मराठी करत बसू नका, ‘कापून घेतील’ असं लिहा आणि किती महिन्यांत, किती, हे रुपयात लिहा. ही ओळ पहिल्या पानावर, शेवटच्या नाही.

बोनस, स्पर्धा, सहलीची बक्षिसं हे कमिशनच्या पत्रात घालू नका. ते वेगळं आहे, बदलत राहतं, आणि दोन्ही एकत्र आले की एजंट बेरीज करून मोठा आकडा लक्षात ठेवतो.

आता पात्रता. याचे दोन भाग आहेत आणि सर्क्युलरमध्ये ते मिसळलेले असतात. एक, कुठल्या एजंटानं विकायचा. दुसरं, कुठलं गिऱ्हाईक घेऊ शकतं.

एजंटाचं थोडक्यात आहे. कोड चालू पाहिजे, पॅन-बँक खातं जोडलेलं पाहिजे, प्लॅनचं ट्रेनिंग आणि चाचणी झालेली पाहिजे. तुमच्याकडं कुणी पूर्ण एजंट नसून पीओएसपी असेल तर त्याला फक्त त्या वर्गातले मंजूर साधे प्लॅनच विकता येतात, हा प्लॅन त्यात नसेल तर त्याला आधीच सांगा, बिचारा ट्रेनिंगला येऊन बसेल आणि मग अ‍ॅपमध्ये प्लॅन दिसायचा नाही.

गिऱ्हाइकाच्या पात्रतेत मात्र आपल्या भागात खरी अडचण वयाची आहे. सर्क्युलर सांगतं ‘प्रवेशाचं कमाल वय ५०’. पण ५० कसं मोजायचं? काही प्लॅन मागच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं वय धरतात, काही जवळच्या वाढदिवसाचं. माणूस ५० वर्षं ७ महिन्यांचा असेल तर पहिल्या पद्धतीनं तो ५० चा, बसतो, दुसऱ्या पद्धतीनं ५१ चा, बसत नाही. आणि आपल्याकडं तर अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून! मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिलेली तारीख. आता बघा, तुमचा प्लॅन जवळच्या वाढदिवसाचं वय धरत असेल तर १ जून १९७५ चा दाखला असलेला माणूस नोव्हेंबरअखेरपर्यंत ५० चा आहे, डिसेंबर उजाडला की ५१ चा. तुमचं लाँच १७ नोव्हेंबरला. म्हणजे असल्या गिऱ्हाइकांसाठी एजंटाकडं जेमतेम दोन आठवडे आहेत, आणि जे पन्नाशीच्या आतले १ जूनवाले आहेत त्यांचं पण डिसेंबरात एक वर्ष वाढून हप्ता थोडा चढणार. ही एक ओळ तुमच्या पत्रात घातली ना, तर पत्र वाचलं जातंय की नाही याची काळजी करायची गरज नाही, एजंट लगेच वही काढतील. पण आधी अंडररायटिंगला विचारून पद्धत पक्की करा, आणि एजंटांना ठणकावून सांगा की १७ च्या आधी प्रपोजलवर सही आणि चेक घ्यायचा नाही.

वयाचाच दुसरा त्रास, आधारवर एक तारीख आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरी. आधारवर नुसतं १ जानेवारी टाकलेलं असतं बऱ्याच जुन्या माणसांच्या. असं असेल तर कुठला पुरावा चालेल हे पत्रात स्पष्ट लिहा, नाहीतर हप्ता भरला, प्रपोजल लटकलं, आणि गिऱ्हाईक रोज एजंटाला फोन करतंय, “दादा, पॉलिसी कुठं अडकली?”

उत्पन्नाचा पुरावा हा दुसरा मुद्दा. सर्क्युलर मुंबईत बसून लिहिलेलं असतं, त्यात ‘तीन वर्षांचे आयटीआर किंवा सॅलरी स्लिप’. आपला शेतकरी १५ लाखांची द्राक्षं विकतो पण शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून रिटर्न भरत नाही. मोठ्या रकमेच्या विम्याला तो बसतो की नाही हे कशावर ठरवणार? सातबारा, त्यावर पिकाची नोंद, आणि बँकेचं स्टेटमेंट ज्यात कारखान्याचं ऊसबिल किंवा व्यापाऱ्याचे पैसे जमा झालेले दिसतात. बऱ्याच कंपन्यांचं अंडररायटिंग हे घेतं, पण किती रकमेपर्यंत ते प्रत्येकाचं वेगळं. ती रक्कम विचारून पत्रात घाला. रोखीनं माल विकणाऱ्याचं अवघड होतं, हे पण एजंटाला आधी कळू द्या. आणि घरातल्या बाईच्या नावानं पॉलिसी काढायची असेल, जिचं स्वतःचं उत्पन्न नाही, तर तिच्या विम्याची रक्कम साधारण नवऱ्याच्या विम्याशी जोडलेली असते. नवऱ्याचा विमा नाही आणि बायकोचा २५ लाखांचा काढायला एजंट गेला की प्रपोजल परत येतं, मी असं दर लाँचला बघितलंय.

ट्रेनिंगबद्दल माझं मत जरा कडक आहे. लाँचच्या दिवशीच ट्रेनिंग ठेवू नका, केक कापणं आणि शिकवणं एका दिवशी होत नाही. लाँच १७ ला आहे तर आदल्या आठवड्यात संपवा, आणि ५८ जणांना सांगलीत बोलावू नका. जतचा माणूस सांगलीला येऊन-जाऊन त्याचा अख्खा दिवस जातो, तो येणार नाही, किंवा येईल आणि चार वाजता गाडीच्या काळजीत उठेल. तुम्ही जा. ११ नोव्हेंबर मंगळवारी सांगलीला सांगली-मिरजेच्या लोकांसाठी, १२ ला जतला, १३ ला विट्याला, तासगावकरांनी सांगली किंवा विटा जे सोयीचं ते. त्या गावचा बाजाराचा दिवस असेल तर एक दिवस मागंपुढं करा. वेळ सकाळी १० ते १ ठेवा. संध्याकाळची वेळ पूर्णवेळ एजंटाला चालते पण तुमच्यातले निम्मे शिक्षक, दूध डेअरीवाले, दुकानदार असतील, त्यांना विचारून एक बॅच रात्री ७ ची ठेवली तर हरकत नाही. ऑनलाइन ठेवलं की लोक मोबाईल चालू करून बागेत औषध मारतात, मी स्वतः ऐकलंय पंपाचा आवाज.

तीन तासांत काय करायचं ते पण वेळापत्रकात लिहा, कारण एजंटाला वाटतं भाषण आहे. पहिला पाऊण तास प्लॅन, तो पण दोनच गोष्टी, काय नक्की मिळणार आणि काय नक्की नाही. तुमचा प्लॅन बोनसवाला असेल तर बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. हे दोन्ही गृहीत धरलेले परताव्याचे दर आहेत, वचन नाही, आणि ८ टक्के म्हणजे गिऱ्हाइकाच्या हप्त्यावर ८ टक्के मिळणार असंही नाही, कारण खर्च आणि विम्याचा भाग त्यातून जातो. एजंट ८ चा रकाना दाखवतो आणि ४ चा अंगठ्यानं झाकतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तक्रारी इथूनच येतात, १० वर्षांनी. म्हणून प्रत्येकाकडून ४ च्या रकान्यातला आकडा मोठ्यानं वाचून घ्या, सगळ्यांसमोर.

मग एक तास अ‍ॅपवर एक प्रपोजल पूर्ण भरायचं, खऱ्या माणसाचं नाही, सरावाचं. भाषण ऐकून डोकी हलवणारे निम्मे लोक इथं नॉमिनीच्या पानावर अडकतात, कारण नॉमिनी १८ च्या आतला असेल तर त्याच्यासाठी पैसे स्वीकारणारा मोठा माणूस नेमायला लागतो आणि ते नाव त्यांनी विचारून आणलेलं नसतं.

पुढचा पाऊण तास हप्त्याच्या तारखेवर द्या. हे कुठल्या सर्क्युलरमध्ये नसतं, पण आपल्या जिल्ह्यात पॉलिसी बंद पडायचं पहिलं कारण हेच आहे. ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या पॉलिसीचा पुढचा हप्ता पुढच्या ऑगस्टमध्ये येतो. त्यावेळी शेतकऱ्याकडं काय असतं? ऊस रानात उभा, द्राक्षवाल्यापुढं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीचा आणि औषधांचा खर्च. पैसा नाही. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत, ती गेली की पॉलिसी बंद, आणि एजंटाचे ते ३,६०० पण बंद, वर तेराव्या महिन्याचा टिकण्याचा आकडा खाली येतो. द्राक्षवाल्याचे पैसे साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात, ऊसवाल्याचं बिल कारखाना सुरू झाल्यावर हिवाळ्यात, ते पण कधीकधी दोन-तीन तुकड्यांत, हळदवाल्याचं उन्हाळ्यात. तुमचं लाँच नोव्हेंबरात आहे, कारखाने नुकते सुरू झालेले, म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत जे विकलं जाईल त्याचा हप्ता दर वर्षी नोव्हेंबरात येणार. ऊसवाल्याला तो जरा लवकर पडतो, पण ३० दिवस धरून डिसेंबरात निभावतो. द्राक्षवाल्याला तो अडचणीचाच. त्याला शक्य असेल तर फेब्रुवारीत घ्यायला सांगा, मग नोव्हेंबरचं टार्गेट थोडं कमी झालं तरी चालेल. (तुमच्या वरिष्ठांना हे आवडणार नाही, त्यांना मार्चपर्यंतचे आकडे एकत्र दाखवा.) वयामुळं थांबताच येत नसेल, म्हणजे तो १ जूनवाला पन्नाशीचा गडी असेल, तर मात्र आत्ताच घ्यायला लागेल, मग हप्ता झेपेल एवढाच ठेवा.

शेवटच्या अर्ध्या तासात १० प्रश्नांची चाचणी आणि कमिशनचं पत्र हातात. चाचणी पास झाली की त्याच दिवशी नाव पाठवून कोडला प्लॅन सुरू करून घ्या. नापास झालेल्याला घरी पाठवू नका, तिथंच बसवून चुकलेले प्रश्न समजावा आणि परत द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं पहिलं पत्र साधारण असं लिहा, तुमच्या तारखा आणि अटी घालून:

“नमस्कार. १७ नोव्हेंबरपासून आपल्या कंपनीचा नवीन बचत प्लॅन सुरू होतोय. वय १८ ते ५०, वय जवळच्या वाढदिवसाचं धरलं जाईल. ज्यांचा वाढदिवस १ जून आहे त्यांचं वय १ डिसेंबरला एक वर्षानं वाढेल, आपली यादी आत्ताच काढा. हप्ते ५, ७ किंवा १० वर्षं भरायचे. हप्त्यावर जीएसटी नाही. शेतकरी गिऱ्हाइकाचा सातबारा आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणा. आधार आणि दाखल्यावर जन्मतारीख वेगळी असेल तर आधी मला फोटो पाठवा, हप्ता नंतर घ्या. ट्रेनिंग ११ ला सांगली, १२ ला जत, १३ ला विटा, सकाळी १० ते १. आधार, पॅन आणि अ‍ॅप असलेला मोबाईल चार्ज करून आणा. ट्रेनिंग आणि चाचणी झाल्याशिवाय प्लॅन आपल्या कोडला उघडणार नाही. कमिशनची माहिती ट्रेनिंगमध्ये लेखी मिळेल, फोनवर विचारू नये. १७ तारखेआधी कुणाकडूनही सही, चेक किंवा पैसे घेऊ नयेत. हा मेसेज गिऱ्हाइकाला पाठवू नये, त्यांच्यासाठी कंपनीचं मंजूर माहितीपत्रक मी वेगळं देतोय.”

एवढंच. शेवटची ओळ गाळू नका. गिऱ्हाइकाला जायचं ते कंपनीनं मंजूर केलेलं, प्लॅनचा यूआयएन नंबर छापलेलं पत्रकच. तुमच्यातले एक-दोन हौशी एजंट स्वतःचा फोटो टाकून ‘दामदुप्पट’ असं बॅनर बनवून स्टेटसला लावतीलच, लाँचच्या आठवड्यात रोज रात्री सगळ्यांचे स्टेटस बघायची सवय ठेवा आणि दिसलं की फोन करून काढायला लावा, कारण तक्रार झाली तर नोटीस कंपनीला येते आणि कंपनी ती शाखेकडं पाठवते.

आणि पहिली दहा प्रपोजल अपलोड व्हायच्या आधी तुम्ही स्वतः उघडून बघा. पत्रात काय सांगायचं राहिलं ते त्या दहात दिसतं, जन्मतारखेचा पुरावा, नॉमिनीसाठीचा मोठा माणूस, इलस्ट्रेशनवरची सही. जे तीनदा चुकलेलं दिसेल तेवढ्याचाच एक छोटा मेसेज २० तारखेला परत टाका.